कोंकणी समजते पण तोंडातून निघत नाही? गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसासाठी, पायरी पायरीने

हे लिहितेय ते नोकरीसाठी, लग्न होऊन किंवा शिकायला म्हणून गोव्यात आलेल्या मराठी लोकांसाठी. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी, कुठूनही आलेले असाल. वर्ष दोन वर्षं झालीत, बसमधलं बोलणं कळतं, ऑफिसमध्ये गोंयकार आपसात काय बोलतात तेही बरंचसं कळतं, पण स्वतः बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो आणि मराठीच बाहेर येते. किंवा हिंदी.

जर्मनीत गेलेल्या माणसाला जर्मन बोलावंच लागतं, नाहीतर ब्रेड मिळणार नाही. आपलं इथे उलटं आहे. समोरच्या गोंयकाराला मराठी कळतं, बऱ्याच जणांना छान बोलताही येतं, पेपर मराठी वाचतात, नाटकं मराठी बघतात. त्यामुळे आपल्याला एक आयती पळवाट मिळते, "गरजच काय, चाललंय की". खरं तर तिथे लाज असते आणि आपण तिला गरज नाही असं नाव देतो. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. मनात कोंकणी वाक्य तयार झालं होतं आणि शेवटच्या क्षणी तुम्ही ते गिळून मराठी वाक्य टाकलंत, असं होतं का? होत असेल तर प्रश्न गरजेचा नाही, भीतीचा आहे, आणि खालचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

आधी भीती नेमकी कशाची ते बघा

परकी भाषा बोलायची भीती ही वेगळी गोष्ट म्हणून अभ्यासली गेलीय. १९८६ मध्ये इलेन हॉर्विट्झ, मायकल हॉर्विट्झ आणि जोआन कोप या तिघांनी त्यावर एक निबंध लिहिला आणि ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली दिली, आजही ती जगभर वापरतात. त्यांनी या भीतीत तीन गोष्टी जोडलेल्या सांगितल्या, बोलण्याचाच संकोच, परीक्षेची भीती, आणि लोक आपल्याबद्दल वाईट मत करतील ही भीती. बाजारात परीक्षा कोणी घेत नाही, म्हणून आपल्या कामाच्या पहिली आणि तिसरी.

आता महत्त्वाचं. संकोची माणूस बोलताना समोरच्याकडे लक्ष देत नाही, त्याचं लक्ष स्वतःवर असतं, माझा आवाज कसा येतोय, मी हांव म्हटलं की हाव म्हटलं, कान लाल झाले का. आणि लाज टाळण्यासाठी तो काही बारीक सवयी लावून घेतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये हे चक्र नीट मांडलं होतं. त्या सवयी आपल्याला वाचवतात असं वाटतं पण भीती त्यांच्यामुळेच टिकून राहते, कारण "सवय नसती तरी काहीच वाईट झालं नसतं" हे कळायची संधीच मिळत नाही.

मराठी माणसाच्या गोव्यातल्या अशा सवयी मी वर्षानुवर्षं बघतेय आणि त्या साधारण चारच असतात. पूर्ण वाक्य मनात तीनदा घोकून मग बोलणं, आणि तोवर वेळ निघून जाते. सुरुवातीलाच माफी मागणं, "माझी कोंकणी खराब आहे हं, हसू नका". अगदी हळू, पुटपुटत बोलणं, मग समोरचा "आं?" करतो आणि आपल्याला वाटतं चुकलं. आणि सगळ्यात मोठी म्हणजे पहिल्या अडथळ्याला मराठीवर उडी मारणं. तुमची यातली कुठली आहे ते ठरवा, एकच निवडा. पहिले काही आठवडे फक्त तीच सोडायचीय, बाकीच्या राहू देत.

माणूस आणि जागा निवडणं, इथेच निम्मे लोक चुकतात

लोक उत्साहाने सुरुवात करतात ती शॅकमधल्या वेटरपासून नाहीतर सुपरमार्केटच्या काउंटरवरून. गोव्यात या कामांवर बाहेरून आलेले लोक खूप आहेत, त्यांना स्वतःलाच कोंकणी येत नाही. भाजी मार्केटमध्येही बरेच विक्रेते कर्नाटकातले असतात. पहाटे सायकलवर भोंपू वाजवत येणारा पोदेरसुद्धा आता बऱ्याच गावात बाहेरगावचा असतो. म्हणजे तुम्ही धीर करून "धा उंडे दी" म्हणता, तो हिंदीत उत्तर देतो आणि तुम्ही समजता माझी कोंकणी कळली नाही. म्हणून आधी नुसतं उभं राहून ऐका, तो माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाशी कुठल्या भाषेत बोलतोय. कोंकणीत बोलत असेल तरच ती जागा आपली.

चांगल्या जागा सांगते. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसणाऱ्या मासेवाल्या. म्हापश्याच्या शुक्रवारच्या बाजारात गावातून मिरची, कोकम, घरची भाजी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या बायका, त्यातही पावसाच्या आधी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची खरेदी चालते तेव्हा तर बोलायला विषयच विषय. गावातला छोटा पसरो, म्हणजे आपलं किराणा दुकान, जिथे मालक स्वतः बसतो. आणि ऑफिसमधला एखादा गोंयकार जो मुळात शांत आहे. ग्रुपमधला सगळ्यात गंमतीदार माणूस नको, तो तुमची नक्कल चारचौघांत करेल, प्रेमानेच करेल, पण सुरुवातीला ते झेपत नाही.

जागेइतकीच वेळ महत्त्वाची. रविवारी सकाळी मासळी बाजारात मागे गर्दी असताना कोणाला तुम्हाला शिकवायला वेळ नसतो. आडवारी जा. आणि एकच जागा धरा, आठवड्यात दोन तीनदा तिथेच. दहा ठिकाणी एकेकदा बोललात तर दहाही वेळा तुम्ही अनोळखीच राहता, दर वेळी पहिल्यांदाचीच भीती. एकाच बाईकडे चौथ्यांदा गेलात की ती तुम्हाला ओळखते, आणि ओळखीच्या माणसासमोर चुकणं खूप सोपं असतं.

सांगाडा कोंकणी, बाकी काहीही

शब्दसंग्रह वाढू दे मग बोलते, असं म्हणणाऱ्यांची वर्षं जातात. त्याऐवजी थोडे शब्द पक्के करा जे प्रत्येक वाक्यात लागतात: हांव, म्हाका, तुका, जाय, नाका, आसा, ना, दी, कितें, खंय, कितलें. हा झाला वाक्याचा सांगाडा. मधला नाम मराठी आला तरी चालतो. "म्हाका ती पिशवी जाय" हे वाक्य गोव्यात कोणालाही कळतं आणि ऐकणाऱ्याला ते कोंकणीच वाटतं. उलट नाम कोंकणी आणि सांगाडा मराठी, "मला नुस्तें पाहिजे", असं बोललात तर समोरचा लगेच मराठीत येतो. म्हणजे अडलात तर शब्द मराठी टाका पण सांगाडा सोडू नका, थांबू तर अजिबात नका.

मग अडचणीच्या वेळची तीन वाक्यं. ही मात्र घोकायची, आरशासमोर नाही, मोठ्याने, गाडी चालवताना, भांडी घासताना, झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत.

"हांव कोंकणी शिकतां, म्हजेकडेन कोंकणींत उलय." मोठ्या माणसाला "उलयात".

"म्हाका कळ्ळें ना, परत सांग." मोठ्यांना "सांगात".

"हाका कितें म्हणटात?" बोट दाखवून.

पहिलं वाक्य आणि "माझी कोंकणी खराब आहे" यात फरक काय असं कोणी विचारेल. फरक मोठा आहे. माफी मागितली की समोरचा तुमची सुटका करायला बघतो, "अहो मराठीत बोला ना, काही हरकत नाही", आणि संभाषण संपलं. विनंती केली की त्याला काय करायचं ते कळतं. गोंयकाराला आपली भाषा कोणी शिकतंय म्हटलं की मनापासून आनंद होतो, हे मी फार वेळा बघितलंय.

तू आणि तुमीबद्दल एक सांगते कारण यावरून उगाच मनाला लागतं. इथे "तूं" आपल्यापेक्षा खूप मोकळेपणी वापरतात, कंडक्टर पोरगा तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असला तरी "तूं खंय वता?" विचारेल. त्यात अपमान नसतो. तुम्ही मोठ्यांना "तुमी" म्हणत राहा, ते कधीच चुकीचं वाटत नाही.

एकीचं उदाहरण, पहिल्यापासून

माझ्या ओळखीची एक मुलगी, सांगलीची, वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फार्मा कंपनीत क्वालिटीला आहे आणि मडगावजवळ भाड्याने राहते. तिची सवय म्हणजे मराठीवर उडी. तिला म्हटलं फक्त तेवढंच सोडायचं, आणि जाण्याआधी फोनमध्ये एक ओळ लिहायची, आज काय वाईट होईल असं वाटतंय. पण अशी ओळ जी नंतर तपासता येईल. "मला लाज वाटेल" हे तपासता येत नाही, ती तर वाटणारच. तिने लिहिलं, "मासेवाली मला हसेल आणि बाजूच्या बायका माझ्याकडे वळून बघतील."

पहिल्यांदा ती रविवारी सकाळी गेली. "बांगडे कशे?" एवढंच बोलली, मासेवाली घाईत हिंदीत भाव बोलली, हिने हिंदीत घेतले आणि परत आली. तिला वाटलं फसलं. पण फोनमधली ओळ वाचली तर कोणी हसलंही नव्हतं आणि कोणी वळूनही बघितलं नव्हतं. वाईट झालं ते वेगळंच होतं, समोरच्या बाईला वेळ नव्हता. मग जागा बदलली, ऑफिसमधून येताना रस्त्यावर बसणारी मासेवाली धरली, आडवारी.

तिथे झालं ते साधारण असं.

"मावशे, बांगडे कशे?"

"शंबराक आठ."

"धा दी मगो."

मावशीने तिच्याकडे बघितलं, हसली, नऊ टाकले, आणि विचारलं, "नितळ करूं?"

हे हिला येत नव्हतं. आधी इथेच ती मराठीत जायची. यावेळी थोडी थांबून म्हणाली, "म्हाका कळ्ळें ना, परत सांग." मावशी तेच परत म्हणाली आणि मग हिंदीत, "साफ करके?" आता बघा इथे दोन रस्ते होते. हिंदीत "हां" म्हणून मोकळं होणं सोपं होतं. ती म्हणाली, "हय, नितळ करून दी."

समोरच्याने आत्ताच वापरलेला शब्द उचलून त्यालाच परत द्यायचा, हे तंत्र सगळ्यात उपयोगी. उच्चार ताजा कानात असतो, चुकायला जागा कमी, आणि समोरच्याला दिसतं की मी हिंदीत गेलो तरी ही कोंकणीतच उभी आहे. मावशी त्यापुढे कोंकणीतच बोलली. "तूं खंयची?" विचारलं, हिने "हांव सांगलीची, हांगा काम करतां" सांगितलं, झालं. दोन मिनिटंसुद्धा नाहीत.

हसली होती का? हो, घासाघीस केली तेव्हा. घरी येऊन हिने लिहिलं, "हसली, नऊ दिले, कुठची विचारलं." नंतरच्या नोंदीत असंच लिहायचं, जे कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी बघितलं तेवढंच. "तिला माझा उच्चार विचित्र वाटला असणार" असलं काही लिहायचं नाही, ते तुम्ही ऐकलेलं नाही.

महिनाभराने त्या नोंदी एकाखाली एक वाचल्या तर भाकीत आणि घडलेलं यात केवढं अंतर आहे ते दिसतं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण इथे कोणी बाहेरून समजूत घालत नाही, तुमच्याच हातची नोंद असते.

समोरचा मराठीत वळला तर

हे होणारच, रोज होणार. शिकलेला गोंयकार तर तुमचा सूर ऐकून लगेच मराठीत येतो आणि तो हे सौजन्य म्हणून करतो. आपल्याला मात्र ते नापास केल्यासारखं लागतं. पहिल्या वळणाला काही बोलू नका, त्याच्या मराठीला कोंकणीत उत्तर द्या, सांगाड्यातलंच छोटं. दुसऱ्यांदा वळला तर वरचं पहिलं वाक्य सांगा. तिसऱ्यांदाही मराठीतच बोलला तर सोडून द्या, त्या दिवशी त्याला घाई असेल, किंवा त्याला मराठी बोलायला आवडत असेल, तोही त्याचा हक्क आहे. बँकेत, दवाखान्यात, पोलिस स्टेशनला सराव करू नका, तिथे काम नीट होणं महत्त्वाचं.

एक गोष्ट मात्र कधीही बोलू नका, "कोंकणी काय, मराठीसारखीच तर आहे". आपण ते जवळीक म्हणून बोलतो, पण इथे या प्रश्नावर लोकांनी आंदोलनं केलीत. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांच्यासमोर हे वाक्य टाकलं की चेहरा बंद होतो, आणि तुम्हाला वाटतं माझ्या उच्चारामुळे बंद झाला.

हसले तर

हसतात. बहुतेक वेळा कौतुकाने, कधी खरंच चूक मजेशीर असते म्हणून. मराठी माणसाची एक ठरलेली अडचण म्हणजे इथे तरुण मुलींबद्दल नपुंसकलिंगी रूप वापरतात, "तें आयलें". आपल्या कानाला ते इतकं वेगळं लागतं की जिभेवर येतच नाही, आणि आलं तर नको तिथे, पन्नाशीच्या मॅडमबद्दल येतं. मग टेबलवर हशा. त्यावेळी गप्प होऊ नका आणि खुलासाही देऊ नका. "मागीर कितें म्हणटात?" एवढं विचारा, म्हणजे मग काय म्हणतात, आणि दिलेलं उत्तर एकदा मोठ्याने म्हणून पुढे बोलत राहा. तुम्ही पुढे बोललात की हसू तिथेच विरतं, तुम्ही गप्प झालात तर सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

कोणी मुद्दाम पुन्हा पुन्हा नक्कल करत असेल तर तो माणूस सरावासाठी बदला. त्याच्याशी खुशाल मराठीत बोला.

पुढची पायरी कधी

मासेवालीकडे जायच्या आधी छातीत धडधडणं कमी झालं, म्हणजे ओळ लिहिताना लिहायला विशेष काही सुचेना, की पुढे जा. क्रम मी असा सांगेन. खरेदी, मग ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत एकाच माणसाशी, आणि विषय शोधायला नको, "आयज नुस्तें कितें?" विचारलं की गोव्यात पाच मिनिटं सहज जातात. मग शेजारी, मग लग्न किंवा चवथीला कोणाच्या घरी, जिथे चार जण एकदम बोलतात. घोळक्यात सगळं कळायची अपेक्षा ठेवू नका, एका माणसाच्या बाजूला बसा आणि त्याच्याशीच बोला.

भाग बदलला की भीती परत येते, त्याने खचू नका. फोंड्याची कोंकणी कानाला बसली आणि साश्टीत गेलात तर लय वेगळी, पोर्तुगीजमधून आलेले शब्द जास्त, जनेल, कदेल, इगर्ज. पेडण्यात उलट, मालवणी ऐकलेल्या माणसाला घरच्यासारखं वाटतं. नवीन भागात पहिल्या पायरीपासून परत सुरू करा, यावेळी आठवड्यांचं काम दिवसांत होतं.

आणि ज्यांना मराठीतसुद्धा अनोळखी माणसाशी बोलताना हात थरथरतात, फोन उचलवत नाही, लोकांत जाणंच टाळलं जातं, त्यांना वरचं सगळं अपुरं पडेल. तो प्रश्न कोंकणीचा नाही, त्यावर चांगले उपचार आहेत. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे तिथे जाता येतं, किंवा १४४१६ वर टेलि-मानसला फोन करता येतो, मराठीत बोलता येतं.

फोनवर कोंकणी बोलणं सगळ्यात शेवटी ठेवा. चेहरा दिसत नाही, हातवारे नाहीत, गॅसवाला किंवा प्लंबर भराभर बोलतो. तिथे आधी कागदावर सांगाडा लिहून ठेवा, काय पाहिजे, कुठे, कधी, आणि पत्ता मात्र मराठीत किंवा इंग्लिशमध्ये परत एकदा सांगा, नाहीतर तो भलत्याच वाड्यावर जाऊन पोचेल.